केसपेशी आवाजाचा विद्युतसंदेश कसा करतात?

प्रश्न: कॉक्लियातल्या केसपेशी नुसत्या थरथरीतून मेंदूला जाणारा संदेश कसा काय बनवतात?

दोरी ओढली की दार उघडावं, तसा हा प्रकार आहे.

कॉक्लिया ही आतल्या कानातली, शंखासारखी सुमारे अडीच वेटोळ्यांची, द्रवाने भरलेली नळी. तिच्या लांबीभर एक लवचिक पडदा असतो. बारीक, चिरका आवाज त्याला सुरुवातीजवळ जास्त हलवतो, खर्ज टोकाकडे. या पडद्यावर केसपेशी बसलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या माथ्यावर सूक्ष्म तंतूंचा जुडगा असतो. (नावात केस असले तरी हे केस नव्हेत.) तंतू जिन्याच्या पायऱ्यांसारखे उंचीनुसार लागलेले असतात. बुटक्याचं टोक शेजारच्या उंच तंतूला एका अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेलं असतं. पडदा हलून जुडगा उंच बाजूला कलला की धागा ताणला जातो आणि बुटक्याच्या टोकावरची वाहिनी, म्हणजे पेशीत शिरायचं सूक्ष्म दार, उघडते. उलट कलला की ती मिटते.

गंमत पुढे आहे. चेतापेशीत संदेश सुरू होताना सहसा सोडियम आत शिरतं, इथे मात्र पोटॅशियम शिरतं. कारण तंतू ज्या द्रवात बुडालेले असतात त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि त्याचा विद्युतदाब सुमारे +80 मिलिव्होल्ट असतो, तर पेशीच्या आत तो ऋण असतो. पोटॅशियम आत आलं की पेशीच्या तळाकडच्या कॅल्शियम वाहिन्या उघडतात, ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन बाहेर पडतं आणि श्रवणचेतेत मेंदूकडे जाणारा संदेश सुरू होतो.

फार मोठ्या आवाजाने हे धागे तुटू शकतात. ते पुन्हा जुळू शकतात, पण केसपेशीच मेली तर माणसात तिच्या जागी नवी येत नाही.