पुन्हा घेतलेल्या शपथांची भेट आणि पंचवीस वर्षांचे देणे

प्रश्न : आई-वडील लग्नाच्या ३५ वर्षांनंतर शपथा नव्याने घेणार आहेत. समारंभाला पाच महिने आहेत. भांडी, घड्याळे, दागिने त्यांना लग्नातच मिळाले, म्हणून दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहता येईल असे २५ वर्षांचे सुट्टी-सदस्यत्व द्यावे असे वाटते. त्याची किंमत माझ्या सहा महिन्यांच्या बचतीइतकी आहे. त्यासाठी १४ टक्क्यांचे तीन वर्षांचे कर्ज मिळते. वार्षिक देखभाल शुल्क किमतीच्या ४ टक्के आहे आणि ते दरवर्षी वाढते. घ्यावे का?

उत्तर : माझे मत स्पष्टपणे नकाराचे आहे, आणि त्याचे मुख्य कारण कर्ज नसून ते देखभाल शुल्क आहे.

आधी कर्जाचा हिशेब मांडू. १४ टक्के दराने ३६ समान हप्त्यांत फेड केली, तर १०० घेतल्यावर सुमारे १२३ परत करावे लागतात. म्हणजे सहा महिन्यांच्या बचतीची वस्तू जवळजवळ साडेसात महिन्यांच्या बचतीला पडते. हे जड आहे, पण त्याला शेवट आहे. शुल्काला मात्र पंचवीस वर्षे शेवट नाही. ते दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढते असे धरले, तर पहिल्या पंधरा वर्षांत भरलेल्या शुल्काची बेरीज सदस्यत्वाच्या मूळ किमतीएवढी होते, आणि पंचवीस वर्षांत ती अडीच पटीवर जाते. सदस्यत्व आई-वडिलांच्या नावावर असेल, तर करारानुसार हे देणेही त्यांचेच ठरते. एखाद्या वर्षी गुडघेदुखीमुळे ते कुठेही गेले नाहीत तरी बहुतेक करारांत शुल्क चुकत नाही. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील किंवा निवृत्त जोडप्याला वाढत्या खर्चाची जबाबदारी भेट म्हणून देणे मला पटत नाही. शिवाय अशी सदस्यत्वे विकायला गेल्यास मूळ किमतीचा लहानसा भागच हाती येतो. आग्रह असलाच, तर सही करण्यापूर्वी करारातील तीन कलमे वाचा: शुल्कवाढीला कमाल मर्यादा आहे का, मधेच बाहेर पडता येते का, आणि सदस्याच्या मृत्यूनंतर देणे वारसांवर येते का. विक्रेता तोंडी सांगेल ते कागदावर नसेल, तर ते नाही असेच समजावे.

त्याऐवजी पुढचे पाच महिने बचतीचा निम्मा भाग वेगळ्या खात्यात टाका. समारंभापर्यंत अडीच महिन्यांची बचत कर्जाशिवाय जमेल. बाकीची निम्मी बचत तुमच्या आकस्मिक निधीत नेहमीसारखी जात राहील. जमलेल्यातून दोघांसाठी एक प्रवास पूर्ण पैसे भरून द्या, पण तारीख त्यांनी ठरवावी असा. आरक्षण रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते आणि तारीख बदलायला किती आकार पडतो, हे लेखी घ्या; थोडे महाग पडले तरी बदलता येणारे आरक्षणच घ्या. प्रवास विमा काढताना रक्तदाब, मधुमेह यांसारखे जुने आजार अर्जात लिहावेत, कारण ते लपवले तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. उरलेली रक्कम दोघांच्या संयुक्त खात्यात मुदत ठेव म्हणून ठेवा. दुसऱ्या प्रवासासाठी ती वापरली तर उत्तमच, पण दवाखान्याला लागली तरी तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. ती त्यांची आहे.

समारंभाच्या दिवशी हातात देण्यासारखेही काही हवे, हे मला मान्य आहे. आई-वडिलांच्या लग्नातल्या अंगठ्या असतील, तर नवे सोने घेण्यापेक्षा त्याच नीट करून घ्याव्यात. पस्तीस वर्षांत बोटांची पेरे जाड होतात आणि अंगठी डबीत पडून राहते. सराफ अंगठीचे कडे कापून त्याच कॅरेटचा लहान तुकडा जोडतो व माप वाढवतो. नव्या दागिन्याच्या घडणावळीच्या मानाने हा खर्च सहसा थोडा असतो. सकाळी किंवा थंडीत बोट आकसलेले असते, म्हणून माप दिवसाच्या उत्तरार्धात घ्यावे, आणि अंगठी पेरावरून उतरते की नाही हे पाहावे. कड्याभोवती सगळीकडे खडे असतील, तर माप वाढवणे बहुधा जमत नाही. अशा वेळी अंगठी गळ्यातल्या साखळीत ओवून देता येते. आतल्या बाजूला जुन्या तारखेशेजारी नवी तारीख कोरून घ्या. मात्र हे काम आईला न सांगता करू नका. जुनी खूण कापायला दिलेली काहींना आवडत नाही, आणि मापासाठी बोट तर तिचेच लागणार आहे.