वर्गणी शंभर, पेट्रोल दोनशे चाळीस

प्रश्न : "नाशिकला राहतो, महिन्याला आठ-दहा पुस्तके होतात, बहुतेक मराठी. खर्चाला पाचशेच्या वर जमत नाही. विकत घ्यावीत, मागून आणावीत, वाचनालय लावावे की ई-बुकचे सबस्क्रिप्शन घ्यावे?"

वाचनालय लावा, पण वर्गणी पाहून नव्हे, घरापासूनचे अंतर पाहून लावा. हे शहाणपण मला माझ्या भावोजींनी चारचौघांत माझी फजिती करून शिकवले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी सिडकोत राहतो आणि माझे वाचनालय शालिमारच्या बाजूला आहे. महिना शंभर रुपये वर्गणी, एका वेळी एक पुस्तक. दिवाळीत सगळे जमलेले असताना मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो की मला एक पुस्तक साडेबारा रुपयांना पडते. भावोजी किंडल अनलिमिटेड या ॲमेझॉनच्या ई-बुक सबस्क्रिप्शनचे सभासद. त्यांनी शांतपणे विचारले, "आणि स्कूटर पाण्यावर चालते का?" त्याच रात्री मी हिशेब मांडला. जाऊन-येऊन तेरा किलोमीटर, आठ पुस्तकांसाठी आठ फेऱ्या, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर. माझी गाडी लिटरला पंचेचाळीस देते, म्हणजे महिन्याला सुमारे दोनशे चाळीस रुपयांचे पेट्रोल. वर्गणी शंभर आणि ती भरलेल्या वाचनालयात जाण्याचा खर्च तिच्या जवळजवळ अडीचपट! माझे साडेबारा रुपयांचे पुस्तक प्रत्यक्षात साडेबेचाळीस रुपयांना पडत होते.

त्या दिवसापासून मी वही घातली. तारीख, पुस्तक, कोठून आले आणि खर्च असे चार रकाने. एका वर्षात शहाण्णव पुस्तकांची नोंद झाली आणि तिच्यातून मला जे कळले, तेच तुम्हाला सांगतो.

पहिला फरक पडला तो कार्डाने. चौकशी केल्यावर समजले की दीडशे रुपयांत दोन पुस्तकांचे कार्ड मिळते. फेऱ्या निम्म्या झाल्या, खर्च चौतीस रुपयांवर आला. पुढे कामावरून परतताना वाचनालयात डोकावायची सवय लावली तेव्हा वेगळी फेरीच उरली नाही आणि एक पुस्तक एकोणीस रुपयांच्या आत आले. तेव्हा तुम्ही सभासद होण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: एका वेळी किती पुस्तके देतात, संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, आणि नव्या पुस्तकासाठी नंबर लावता येतो का. अनामत परत मिळते, ती खर्चात धरू नका. पावती मात्र जपून ठेवा. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले सावाना, 1840 पासूनचे आहे. जुनी, आता छापली न जाणारी पुस्तके अशाच संग्रहांत सापडतात. वाचनालय दूर पडत असेल आणि सोसायटीत वाचणारी घरे असतील, तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेची चौकशी करा. तिथे पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे येते.

आता सबस्क्रिप्शन. पेट्रोलच्या बाबतीत भावोजी बरोबर होते, पण "169 रुपयांत हवे तेवढे वाचा" हे त्यांचे पालुपद मराठी वाचकाच्या बाबतीत खोटे आहे. (मी घेतले तेव्हा महिन्याचा दर 169 होता.) मी पैसे भरण्याआधी मला खरोखर वाचायच्या असलेल्या तीस पुस्तकांची यादी केली आणि एकेक नाव शोधले. सबस्क्रिप्शनमध्ये तीन निघाली, आणखी बारा ई-बुक म्हणून वेगळे पैसे मोजून मिळत होती आणि वाचनालयाच्या यादीत बावीस होती. याचे कारणही समजण्यासारखे आहे. स्वतः ई-बुक काढणारा लेखक या योजनेत आला, तर ते ई-बुक त्याला दुसरीकडे विकता येत नाही आणि त्याला पैसे मिळतात ते वाचकाने उलटलेल्या पानांच्या हिशेबाने. चार ठिकाणी ई-बुके विकणाऱ्या प्रकाशकाला हे सोयीचे नसते. त्यामुळे तिथल्या मराठी विभागात स्वप्रकाशित लेखन भरपूर आणि आपण ज्यांची नावे घेऊन पुस्तके शोधतो ते लेखक तुरळक, असे चित्र दिसते. ही परीक्षा तुम्हालाही फुकट करता येईल: पुस्तकाच्या पानावर किंडल अनलिमिटेडची खूण आहे की नुसती किंमत, एवढेच पाहायचे. यादीतली सहा-सात नावे निघाली तरच एक महिना घ्या आणि घेतल्या दिवशीच नूतनीकरण रद्द करून टाका, कारण रद्द केले तरी भरलेला महिना पूर्ण वापरता येतो. महिना संपला की ती पुस्तके उघडत नाहीत, त्यामुळे अर्धवट ठेवू नका. मी वर्षात असे दोन महिने घेतले आणि बारा पुस्तके वाचली, म्हणजे अठ्ठावीस रुपयांना एक. वाईट नाही, पण त्यातली सात मी केवळ पैसे वसूल करण्यासाठी वाचली, हेही वहीत लिहिले आहे.

मागून आणण्याबद्दल माझे मत कडवट आहे. वहीत एका ओळीवर खर्चाच्या रकान्यात शून्य लिहून खोडले आहे आणि शेजारी सातशे दहा लिहिले आहे. ते पुस्तक भावोजींचेच. जुलैमध्ये डिकीत पाणी शिरले आणि घरी येईपर्यंत पुस्तक पावासारखे फुगले. मी घाईघाईने इस्त्री फिरवली, ती चूक. पाने एकमेकांना चिकटून बसली. दर दहा-बारा पानांत कोरा कागद घालून, ते उभे ठेवून पंख्याखाली वाळवायचे असते आणि कागद वारंवार बदलायचे असतात, नाहीतर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. नवी आवृत्ती निघालेली नव्हती. छापील किंमत एकशेवीस असलेल्या पुस्तकाची जुनी प्रत टपालखर्चासह सातशे दहाला घेऊन मी ती भावोजींना नेऊन दिली. आतल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का निघाला, त्यावर 'बाद' असा दुसरा शिक्का होता म्हणून बरे; तो नसेल तर अशी प्रत घेऊ नये, ती कोणीतरी न परतवलेली असण्याचा संभव असतो. ज्यांच्याकडून घेता त्यांच्या घरी पुन्हा जायचे असेल, तर छापखान्यातून पुन्हा सहज मिळेल असेच पुस्तक मागा.

विकत घेण्याचा नियम मी एकच ठेवला आहे: आधी वाचलेले आणि पुन्हा वाचावेसे वाटणारे पुस्तकच घ्यायचे. पाचशेतून दीडशे वाचनालयाला गेले की दर महिन्याला साडेतीनशे उरतात, त्यांत साधारण एक पुस्तक बसते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांचे लेखन 2011 पासून सर्वांना खुले आहे. अशा लेखकांच्या ई-बुकवर पैसे घालवू नका.

एक राहिले. हा सारा हिशेब मराठी वाचकाचा आहे. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्याला सबस्क्रिप्शनमध्ये निवड पुष्कळ मिळते आणि घराबाहेर पडणे ज्यांना जमत नाही किंवा ज्यांना अक्षर मोठे करून वाचावे लागते, त्यांच्यासाठी पेट्रोलचा हिशेब गौण आहे. भावोजी इंग्रजीच वाचतात आणि त्यांचे डोळ्यांचे ऑपरेशन झालेले आहे, त्यामुळे त्यांचे 169 दर महिन्याला वसूल होतात. हे मी त्यांना अजून बोलून दाखवलेले नाही.