शेततळ्याचा कागद: चौरस मीटर नव्हे, लांबी-रुंदी सांगा

प्रश्न: २० × २० मीटर, ३ मीटर खोल शेततळं आहे, उतार १:१. दुकानदार ४८४ चौरस मीटर प्लास्टिकचा कागद पुरेल म्हणतो. बरोबर आहे का?

अगदी हाच आकडा २०१६ साली माझ्या थोरल्या भावाने काढला होता, म्हणून लिहितोय.

दादाने वहीत तळ आणि चार उतारांचं क्षेत्रफळ काढलं. तळ १४ × १४, म्हणजे १९६. उताराची तिरपी लांबी ४.२४ मीटर, चारी बाजू मिळून २८८. एकूण ४८४. गणितात चूक नाही. त्यावरून २२ × २२ चा कागद मागवला. मी म्हणत होतो, खड्ड्यात टेप टाकून मोजू. "क्षेत्रफळ बरोबर आहे, टेप कशाला?" असं म्हणून त्याने मला गप्प केलं.

कागद अंथरला तर चारी बाजूंनी काठाच्या वीतभर खालीच संपला. कारण सरळ आहे: ४.२४ + १४ + ४.२४ म्हणजे २२.५ मीटर नुसतं काठापर्यंत पोचायलाच लागतात. चौकोनी कागद कोपऱ्यांत चुण्या पडून दुमडतो, त्या चुण्यांतला कागद दादाच्या हिशेबात नव्हता. काठाबाहेरच्या चरात कागदाची कड गाडायला तर काहीच उरलं नाही. आम्ही मातीच्या गोण्या ठेवल्या. विहिरीचं पाणी सोडल्यावर वजनाने कागद खाली ओढला गेला, गोण्या तळ्यात पडल्या. पहिल्या मोठ्या पावसात काठावरचं पाणी कागदामागे शिरलं. उताराची माती ढासळली आणि कागदाला पोट सुटलं. डाळिंबाला पुढच्या उन्हाळ्यात टँकर लावला.

तुम्ही असं धरा: काठापासून अर्धा मीटर सोडून अर्धा मीटर खोल, अर्धा मीटर रुंद चर. म्हणजे दर बाजूला दीड मीटर कागद वाढला, २२.५ चे २५.५ झाले. कागद उन्हात सैल पडतो, थंडीत आखडतो, त्यामुळे ताणून बसवायचा नाही. त्यासाठी अर्धा मीटर ढील. २६ × २६, म्हणजे ६७६ चौरस मीटर.

हे माप जोडून तयार झालेल्या कागदाचं आहे, बिलावर तसंच लिहून घ्या. पट्टे शेतात जोडणार असतील तर जोडाला १० सेंटिमीटर एकावर एक येतात. पाच पट्ट्यांचे चार जोड धरले तर दहा-एक चौरस मीटर त्यातच जातात.

आणि ऑर्डर खोदाई झाल्यावरच द्या. जेसीबीवाला आराखड्यातला उतार कधीच तंतोतंत काढून देत नाही. एका चराच्या तळाच्या बाहेरच्या कडेपासून तळ्यातून दुसऱ्या चराच्या तळाच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा, दोन्ही दिशांनी, दोन-तीन ठिकाणी, आणि सर्वांत मोठं माप धरून वर ढील मिळवा. दादाने दुसऱ्या वेळी असंच मोजलं, टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

एक राहिलं: तुमचे ३ मीटर जमिनीपासून आहेत की बांधाच्या माथ्यापासून? जमिनीपासून असतील तर वरचा हिशेब चालणार नाही, बांधाचा आतला उतारही मोजावा लागेल. काळी माती असेल तर १:१ उतार टिकत नाही, आधी तो कमी करून घ्या.