तेच पांघरूण हवे

प्रिय,

तुझ्या पाळणाघरातील तीन वर्षांच्या मुलीचे विरलेले पांघरूण आईने काढून घेतले, त्याच रंगाचे आणि त्याच नक्षीचे नवे आणून दिले, आणि मुलीने ते फेकून देऊन बराच वेळ आक्रोश केला. हा हट्टीपणा समजावा का, असे तू विचारले आहेस. मला तो हट्टीपणा वाटत नाही.

इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1953 साली अशा वस्तूंना ‘संक्रमण-वस्तू’ म्हटले. आई जवळ नसतानाचा धीर मूल अशा एखाद्या वस्तूतून मिळवते. ती वस्तू मुलाने स्वतः निवडलेली असते आणि तिच्यात बदल करायचा तर तो मुलानेच करायचा असतो, हे त्यांचे निरीक्षण तुझ्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. कित्येक महिन्यांच्या झोपेचा वास, चघळून मऊ झालेला कोपरा, बोटांना ओळखीची झालेली उसवलेली शिवण हे सारे नव्या कापडात नसते.

परंतु वास आणि स्पर्श एवढ्यावर हे संपत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवले आणि ते कोणत्याही वस्तूची हुबेहूब प्रत बनवते असे भासवले. साध्या खेळण्याच्या बाबतीत मुले खुशाल नवी ‘प्रत’ घेत असत. झोपताना जवळ लागणारी लाडकी वस्तू मात्र काहींनी यंत्रात ठेवूच दिली नाही, आणि ज्यांनी ठेवू दिली त्यांपैकी बहुतेकांनी मूळचीच परत मागितली. (वास्तविक ते यंत्र प्रत बनवतच नव्हते, म्हणून हा निकाल मला विशेष बोलका वाटतो.) मुलाच्या लेखी त्या पांघरुणाचे मोल आपल्याला आपल्या माणसाचे असते तसे असते, आणि माणसाच्या जागी त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा कोणी आपणही स्वीकारत नाही.

म्हणून त्या आईला जुने पांघरूण आजच परत द्यायला सांग. धुणे आवश्यकच असेल तर मुलीला आधी सांगून, शक्य तर तिच्यासमोर धुवावे. नवे सोबत नुसते ठेवावे, अदलाबदलीची अट घालू नये. कापड अगदीच विरले तर त्याचा तुकडा नव्यावर शिवता येईल, परंतु तो तिच्या संमतीने. एकसारखी दोन पांघरुणे आलटून पालटून वापरण्याची युक्ती ओढ जडण्याआधीच चालते, आता तिला उशीर झाला आहे.

तू एवढेच पाहा की पांघरूण काखेत धरून ती खेळायला, इतरांत मिसळायला जाते की नाही. जात असेल तर ते तिला आधार देत आहे. ते कवटाळून दिवसेंदिवस कोपऱ्यात बसू लागली, तरीही पांघरूण काढून घेऊ नकोस. तिला कशाची भीती वाटते आहे, ते तिच्या आईजवळ बसून शोध.

तुझी,
ताई