चढावर गिअर उडी मारतो? आधी केबल बघ

राजहंसगडाच्या चढावर जोर लावला की चेन आपोआप लहान चकतीवर उतरते म्हणतोस, आणि सायकल नवीच आहे. मग स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेव. नवी केबल थोड्याच दिवसांत सैल पडते, बहुतेक वेळा दुखणं तिथंच असतं.

चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या डिरेलरमध्ये केबल शिरते तिथं हातानं फिरणारा छोटा नॉब असतो. सायकलच्या मागं उभा राहून तो घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा फिरव. केबल ताणली जाते. मागचं चाक उचलून पॅडल फिरवत एकेक गिअर बदल. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर आणखी पाव फेरा. लहानावर उतरायला आळस करू लागली तर ताण जास्त झाला, पाव फेरा मागं घे.

डिरेलरवरचे एच आणि एल हे स्क्रू फक्त दोन्ही टोकांची हद्द ठरवतात, मधल्या गिअरशी त्यांचा संबंध नाही. चेन सर्वांत मोठ्या चकतीपलीकडं स्पोकात जाऊ लागली तरच एल थोडा आवळ.

सायकल उजव्या बाजूला पडली होती का? तसं असेल तर डिरेलर ज्यावर बसवलेला असतो तो हँगर वाकलेला असू शकतो, नॉब कितीही फिरव, एक गिअर जमला की दुसरा बिघडेल. तो सरळ करायचं काम दुकानातच.