आलेला माल आणि पेंडिंग ऑर्डर जुळवताना

प्रश्न: माल गोडाऊनमध्ये येऊन पडलेला असतो, तरी सिस्टिममध्ये परचेस ऑर्डर पेंडिंगच दिसते. काय आले आणि काय मागवले होते, हे जुळवायचे कसे?

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्याचे स्टोअर सांभाळतो. आमचे बरेचसे कास्टिंग शिरोलीच्या फाउंड्रीतून येते, म्हणून उदाहरण त्याचेच देतो.

एकाच पंप बॉडीच्या दोन ऑर्डरी खुल्या आहेत असे धरा. जुन्या ऑर्डरचे २० नग बाकी आहेत आणि नवी ऑर्डर ५०० नगांची आहे. नव्या ऑर्डरचे २०० नग आले व चढलेही. पुढच्या गाडीच्या चलनावर मात्र ऑर्डर नंबर नाही, फक्त ‘७५६ किलो’ लिहिलेले आहे. अशा वेळी स्टोअरवाला ऑर्डर न जोडताच आवक नोंदवतो. साठा वाढतो, पण ऑर्डरसमोर ३०० नग बाकी ते बाकीच राहतात. टॅलीत रिसीट नोट करताना ऑर्डर नंबर निवडायचा राहिला, तर नेमके हेच होते. म्हणून आधी त्या मालाच्या, ऑर्डर न जोडलेल्या आवक नोंदी काढा आणि गेटच्या इनवर्ड रजिस्टरमधील चलन नंबरांशी ताडून पाहा.

माल कोणत्या ऑर्डरचा, हे बहुधा बिलातील दरावरून कळते. जुना दर किलोला ११२ रुपये आणि नवा ११५ असेल व बिल ११५ ने आले असेल, तर तो माल नव्या ऑर्डरचा मानायला हरकत नाही. तरी खरेदी विभागाकडून लेखी होकार घ्यावा, कारण जुन्या ऑर्डरचा माल नव्या दराने बिलात घालणारेही भेटतात.

नगाचे वजन ४.२ किलो धरले तर ७५६ किलोचे १८० नग होतात. पण कास्टिंगचे वजन नगागणिक थोडे बदलत असल्याने दोन-चार नगांची तूट काट्यावर कळत नाही, त्यामुळे नग मोजावेच लागतात. समजा मोजणीत १७८ भरले आणि ब्लोहोलमुळे १२ रिजेक्ट झाले, तर जीआरएनमध्ये चलनाप्रमाणे १८०, प्रत्यक्ष १७८ आणि स्वीकृत १६६ असे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत. रिजेक्ट नगांच्या बदली माल येणार असेल, तर ऑर्डरची खरी बाकी ५०० उणे २०० उणे १६६, म्हणजे १३४ नग राहते. तूट आणि रिजेक्शनची डेबिट नोट याच जीआरएनवरून निघते.

रिजेक्शन तोंडी कळवून थांबू नका. पुरवठादार एमएसएमई नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास तो स्वीकारला असे कायदा धरतो आणि पैसे देण्याची मुदतही माल मिळाल्या दिवसापासूनच मोजली जाते.

जुन्या ऑर्डरचे ते २० नग आता नकोच असतील, तर पुरवठादाराला कळवून ती ऑर्डर बंद करा. नाहीतर पुढची बिननंबरी गाडी तिच्यावरच चढवली जाईल.