क्यूएमएफ बँक: एलियासिंग गेलं, तरी सिग्नल जसाच्या तसा का येत नाही?

प्रश्न: पायथनमध्ये दोन चॅनेलची क्यूएमएफ बँक केली. एलियासिंग पूर्ण गेलं, तरी आउटपुट इनपुटसारखं येत नाही. जास्त टॅपचा फिल्टर घेतला तर परफेक्ट रिकन्स्ट्रक्शन मिळेल का?

उत्तर: नाही मिळणार. टॅप वाढवून आणि सहगुणक नीट निवडून दोष बराच कमी करता येतो, पण तो शून्य होत नाही. मीही यात एक अख्खा आठवडा घालवला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आउटपुटमध्ये दोन गोष्टी येतात: मूळ सिग्नल `X(z)` आणि डाउनसॅम्पलिंगमुळे उलटून आलेली त्याची प्रतिमा `X(-z)`. सॅम्पलिंग 8 किलोहर्ट्‌झ असेल आणि तुम्ही 1 किलोहर्ट्‌झचा सूर दिला, तर ही प्रतिमा 3 किलोहर्ट्‌झवर दिसते. सिग्नल दोन पट्ट्यांत तोडणारे फिल्टर `H0`, `H1` आणि परत जोडणारे `F0`, `F1` धरले, तर ती घालवायला `F0(z) = H1(-z)` आणि `F1(z) = -H0(-z)` एवढं पुरतं, मग फिल्टर कितीही वाईट असोत. तुमचं एलियासिंग गेलं ते यामुळेच. त्यातून फिल्टर चांगला असल्याचं काहीच सिद्ध होत नाही.

उरलेल्या मूळ सिग्नलवर एकच फिल्टर बसतो:

```
T(z) = [P(z) - P(-z)] / 2,   P(z) = H0(z) F0(z)
```

या वजाबाकीत `P` चे सम घात उडतात आणि विषम घात राहतात. सगळी अट इथेच आहे: विषम घातांपैकी नेमकं एकच पद उरायला हवं. एकच उरलं तर `T` म्हणजे नुसता विलंब. दोन-तीन उरली, तर मूळ सिग्नलबरोबर त्याचे प्रतिध्वनीही येतात.

1, 3, 3, 1 हा चार टॅपचा फिल्टर घ्या. जुन्या क्यूएमएफमध्ये `H1(z) = H0(-z)` असतं, म्हणून `F0` म्हणजे `H0` च, आणि `P` म्हणजे त्याचा वर्ग: 1, 6, 15, 20, 15, 6, 1. विषम जागांवर 6, 20, 6 उरले. हे स्वतः पाहा:

```python
import numpy as np
s = (-1.0) ** np.arange(4)
h0 = np.array([1, 3, 3, 1]) / np.sqrt(32)
h1 = s * h0
f0, f1 = s * h1, -s * h0
c = np.convolve
print((c(h0, f0) + c(h1, f1)) / 2)      # T
print((c(s*h0, f0) + c(s*h1, f1)) / 2)  # एलियास
```

दुसरी ओळ पूर्ण शून्य येते. पहिलीत 0.1875, 0.625, 0.1875 दिसतात, म्हणजे एका इंपल्सचे तीन झाले. या `T` ची पातळी दोन्ही टोकांना 1 आहे, पण दोन पट्ट्यांच्या सीमेवर, `π/2` पाशी, 0.625 − 0.375 = 0.25, म्हणजे 12 डेसिबलचा खड्डा. तुमच्याकडे सूर बदलत नसेल आणि मधल्या फ्रिक्वेन्सीचा फक्त आवाज कमी-जास्त होत असेल, तर दोष हाच.

आता लांबी का कामी येत नाही ते. `H0` च्या वर्गातला विषम भाग म्हणजे सम टॅपची बहुपदी आणि विषम टॅपची बहुपदी यांच्या गुणाकाराची दुप्पट (वरच्या उदाहरणात 1, 3 गुणिले 3, 1, म्हणजे 3, 10, 3). दोन बहुपदींच्या गुणाकारात पहिलं आणि शेवटचं पद कधीच कटत नाही. म्हणून उत्तर एकपदी हवं, तर दोन्ही बहुपदी एकपदीच हव्यात. म्हणजे `H0` मध्ये शून्य नसलेले दोनच टॅप, हार फिल्टरसारखे. एफआयआर क्यूएमएफमध्ये यापलीकडे वाट नाही. म्हणूनच 1988 च्या जी.722 मध्ये 24 टॅपचा क्यूएमएफ आहे आणि तिथे जवळजवळ सपाट `T` वर भागवलेलं आहे. बोलण्याच्या आवाजाला तेवढं पुरतं.

नेमकं रिकन्स्ट्रक्शन हवं असेल तर `H1(z) = H0(-z)` हा हट्ट सोडा. स्मिथ आणि बार्नवेल यांनी 1980 च्या दशकात `h0` उलटा करून मग चिन्हं आलटून-पालटून घेतली. कोडमध्ये बदल एवढाच:

```python
h1 = s * h0[::-1]
```

आता `P` म्हणजे `h0` चं ऑटोकोरिलेशन, आणि चार टॅपसाठी अट होते ती 2 च्या लॅगवर शून्य येण्याची. डोबेशीचा चार टॅपचा फिल्टर 0.4830, 0.8365, 0.2241, −0.1294 असा आहे. 0.4830 × 0.2241 आणि 0.8365 × 0.1294 दोन्ही 0.108 येतात आणि चिन्हं उलटी असल्याने कटतात. तो `h0` मध्ये टाका, `T` मध्ये फक्त तीन सॅम्पलचा विलंब राहील. तुलना करताना आउटपुट तेवढं सरकवायला विसरू नका, नाहीतर बरोबर असलेली बँकही चुकीची वाटते.

याची किंमत म्हणजे सममिती जाते. a, b, b, a या फिल्टरला 2 च्या लॅगवर 2ab येतं, ते शून्य करायचं तर a किंवा b शून्य करावा लागतो. सममिती हवीच असेल, तर दोन बाजूंना वेगळ्या लांबीचे फिल्टर घ्या. जेपीईजी 2000 च्या लॉसलेस पद्धतीत 5/3 जोडी आहे: −1, 2, 6, 2, −1 भागिले 8 आणि 1, 2, 1 भागिले 2. यांचा गुणाकार −1, 0, 9, 16, 9, 0, −1 भागिले 16. विषम जागांवर 16 एकटाच उरतो.

हे सगळं मधे क्वांटायझेशन नसेल तोपर्यंतच. दोन्ही पट्ट्यांत वेगवेगळी चूक शिरली की एलियासची पदं एकमेकांना पुरती कापत नाहीत, आणि 3 किलोहर्ट्‌झवर तो सूर पुन्हा हलकासा दिसू लागतो.